गुरुजींचा कागद आणि दोन साक्षीदार

ओपीडी संपत आली होती. गुरुजींनी पिशवीतून प्लॅस्टिकचे फोल्डर काढले आणि त्यातला एक कागद माझ्या टेबलावर ठेवला. शंभर रुपयांचा स्टॅम्प पेपर, फळ्यावर लिहावे तसे वळणदार अक्षर, खाली सही आणि दोन साक्षीदार. मजकूर जेमतेम चार ओळींचा होता : माझी शेवटची वेळ आली की मला नळ्या लावू नयेत, मशीनवर ठेवू नये, शांतपणे जाऊ द्यावे. साक्षीदार म्हणून त्यांच्या दोन्ही मुलांच्या सह्या होत्या.

‘‘डॉक्टर, एवढा माझ्या फायलीला लावून ठेवा. म्हणजे मी सुटलो,’’ ते म्हणाले.

ही गोष्ट २०२३ च्या दिवाळीआधीची. गुरुजी कोरेगाव तालुक्यातल्या एका गावचे, प्राथमिक शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. वय ७८. पूर्वीच्या बिड्यांमुळे फुप्फुसे खराब झालेली, वर्षातून एकदा-दोनदा दम वाढून साताऱ्याला आमच्याकडे दाखल व्हायचे. मोठा मुलगा गावी शेती बघतो, धाकटा पुण्यात नोकरीला, मुलगी सांगलीला दिलेली. शेजारच्या खाटेवरच्या एका वृद्धाचे एकवीस दिवस व्हेंटिलेटरवर गेलेले त्यांनी पाहिले होते. त्याची मुले बाहेरच्या बाकावर एकमेकांशी भांडत होती, कारण बापाला काय हवे होते हे कोणालाच ठाऊक नव्हते. गुरुजींच्या कागदाचा जन्म त्या बाकाशेजारी झाला.

मी त्यांना सांगितले, ‘‘गुरुजी, हेतू शंभर टक्के बरोबर आहे. पण हा कागद नापास आहे.’’

आयुष्यभर दुसऱ्यांचे पेपर तपासलेला माणूस. त्यांनी चष्मा लावला आणि म्हणाले, ‘‘चुका दाखवा.’’

त्या चुका कोणत्या, त्या कशा दुरुस्त झाल्या आणि पुढे दोन वर्षांत त्या कागदाचे काय झाले, हे गुरुजींच्या कुटुंबाच्या परवानगीने इथे लिहितो आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

कायदा कुठवर आला आहे

या कागदाला आपण वैद्यकीय इच्छापत्र म्हणू. वर्तमानपत्रांत त्याला ‘लिव्हिंग विल’ही म्हणतात. घर, शेती, दागिने यांच्या मृत्युपत्राशी त्याचा काही संबंध नाही. मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडायचे असते. हे त्याच्या हयातीत, पण त्याला बोलता येत नसताना उघडायचे असते.

या प्रश्नाची चर्चा देशभर झाली ती मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानभाग यांच्यामुळे. १९७३ मधल्या हल्ल्यानंतर त्या चार दशकांहून अधिक काळ त्याच रुग्णालयात अंथरुणाला खिळून होत्या. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्याबाबतची याचिका नाकारली, पण आशा नसलेल्या रुग्णाचे जीवरक्षक उपचार विशिष्ट परिस्थितीत थांबवता येतील हे मान्य केले. त्यासाठी उच्च न्यायालयाची परवानगी लागणार होती. २०१५ मध्ये अरुणाताई न्यूमोनियाने गेल्या. ९ मार्च २०१८ रोजी ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या याचिकेवर पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असा निकाल दिला आणि वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली. मात्र त्यावर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागे. आजारी म्हाताऱ्या माणसाने त्यासाठी कोर्टाची पायरी चढायची, म्हणजे काम तिथेच अडले. २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने स्वतःच ही अट सैल केली. आता नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर सही झाली की पुरते. गोव्यात २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे तेव्हाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी अशा कागदावर सही केली, ती तिथली पहिली नोंद होती.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. इंजेक्शन देऊन मरण आणणे आपल्या देशात गुन्हा आहे आणि कोणत्याही इच्छापत्रात ते मागता येत नाही. इथे प्रश्न फक्त एवढाच असतो की, ज्या उपचाराने आजार बरा होणार नाही, केवळ मरण लांबणार आहे, तो सुरू करायचा का, आणि सुरू केला असेल तर चालू ठेवायचा का.

पहिली चूक : ‘नळ्या’ म्हणजे कोणत्या?

गुरुजींना मी विचारले, ‘‘सलाईनची नळी चालेल?’’ ‘‘हो.’’ ‘‘लघवीची?’’ ‘‘चालेल.’’ ‘‘मागच्या वेळी दम वाढला तेव्हा तोंडावर घट्ट मास्क लावून मशीनने हवा दिली होती, ते?’’ ‘‘त्यानेच तर वाचलो.’’ म्हणजे चार ओळींच्या कागदातल्या ‘नळ्या’ आणि ‘मशीन’ या दोन्ही शब्दांनी त्यांचा स्वतःचाच घात केला असता. निकालातही हे स्पष्ट आहे की, मजकूर संदिग्ध असेल तर डॉक्टरांच्या मंडळाने तो अमलात आणायचा नाही.

म्हणून आम्ही एकेक उपचार घेऊन बसलो. तीन भेटी लागल्या.

पहिला, हृदय थांबल्यावर करायचा सीपीआर. सिनेमात दोन-चार दाब दिले की माणूस डोळे उघडतो. प्रत्यक्षात छाती पाच ते सहा सेंटिमीटर खाली जाईल इतक्या जोराने, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा दाबावी लागते. म्हाताऱ्या माणसाच्या बरगड्या बऱ्याचदा मोडतात. ज्या देशांत रुग्णालयांत सगळ्या सोयी असतात, तिथेही दाखल असताना हृदय थांबलेल्या चार-पाच रुग्णांमागे साधारण एकच घरी परततो. वय जास्त आणि आजार शेवटच्या टप्प्यातला असेल तर हे प्रमाण आणखी बरेच खाली येते. उलट, हृदयविकाराच्या झटक्याने ठोका अचानक बिघडलेल्या, एरवी धडधाकट माणसाला याच सीपीआरने जीवदान मिळते. त्यामुळे ‘सीपीआर नको’ हे वाक्य एकटे लिहायचे नसते. कोणत्या अवस्थेत नको, तेही लिहायचे असते.

दुसरा, व्हेंटिलेटर. घशातून श्वासनलिकेत नळी घालून मशीनने श्वास द्यायचा. नळी असेपर्यंत बोलता येत नाही, जेवता येत नाही, बहुतेक वेळा झोपेचे औषध द्यावे लागते. पण न्यूमोनियासारख्या बऱ्या होणाऱ्या आजारात तीच नळी चार दिवसांचा पूल असते. पूल ओलांडला की काढायची. पलीकडे काठच नसेल तर मात्र माणूस पुलावरच राहतो. दोन-तीन आठवड्यांत नळी निघाली नाही तर गळ्याला छेद देऊन श्वासाची वाट करतात. गुरुजींना मधला मार्ग पटला : ठरावीक मुदतीसाठी व्हेंटिलेटर लावून बघायचा, सुधारणा नसेल तर काढायचा.

तिसरा, डायलिसिस आणि नाकातून पोटात घातलेल्या नळीने दिले जाणारे अन्न. चौथा, वेदना आणि धाप यांवरचे उपचार. या चौथ्या मुद्द्यावर गुरुजी अडले. ‘‘बाकी सगळे नको म्हटल्यावर हे तरी देता का?’’ अनेकांच्या मनात हीच भीती असते. सीपीआर नाकारणे म्हणजे उपचार नाकारणे नव्हे. मॉर्फीन, ऑक्सिजन, तोंडाची निगा, कूस बदलणे, माणूस जवळ असणे, यांतले काहीही बंद होत नाही.

शेवटी त्यांच्या भाषेत मजकूर असा झाला :

‘‘दोन्ही मंडळांच्या डॉक्टरांच्या मते माझा आजार बरा होण्यापलीकडे गेला असेल किंवा मी माणसे ओळखण्याइतका शुद्धीवर येण्याची आशा नसेल, आणि मला स्वतः सांगता येत नसेल, तर :

१. माझे हृदय थांबल्यास सीपीआर करू नये.

२. आजार बरा होईल का याची खात्री नसेल तर व्हेंटिलेटर सात दिवसांपर्यंत लावून पाहावा. तोवर डॉक्टरांना सुधारणेची आशा दिसली नाही तर तो काढावा. गळ्याला छेद देऊ नये.

३. डायलिसिस करू नये. नाकातून अन्नाची नळी घातली असल्यास ती चालू ठेवण्याचा आग्रह धरू नये.

४. धाप आणि वेदना यांसाठी लागेल तेवढे औषध द्यावे.

५. बरा होणारा आजार असेल तर वरील कलमे लागू नाहीत. माझ्यावर पूर्ण उपचार करावेत.’’

पाचवे कलम त्यांचे स्वतःचे. ‘‘मुलांचा गैरसमज नको,’’ म्हणाले.

दुसरी चूक : साक्षीदार आणि निर्णय घेणारा यांची गल्लत

या कागदावर तीन प्रकारची माणसे लागतात आणि तिघांची कामे वेगळी असतात. सर्वाधिक घोळ इथेच होतो.

पहिला, ज्याला निर्णयाचा अधिकार दिला तो. आपल्याला बोलता येणार नाही तेव्हा उपचार नाकारण्याची किंवा थांबवण्याची संमती जो देणार, त्या पालकाचे किंवा जवळच्या नातेवाइकाचे नाव कागदात लिहावे लागते. एकाहून अधिक नावे देता येतात. पण दोन नावे दिली तर दोघांनी मिळून ठरवायचे की पहिला नसेल तरच दुसऱ्याने, हे लिहून ठेवलेले बरे. नाहीतर नेमक्या वेळी त्या दोघांतच मतभेद होतात.

गुरुजींनी मुलीचे नाव लिहिले. ती मिळाली नाही तरच मोठा मुलगा. काकू शेजारीच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘‘मग मी कशाला आहे?’’ गुरुजी म्हणाले, ‘‘तुझ्या हातून ते होणार नाही. आणि मी गेल्यावर ते ओझे तुझ्यावर राहू नये.’’ जवळचे नाते आणि निर्णय घेण्याची ताकद एकाच माणसात असतातच असे नाही. कोण शांत राहील, कोण डॉक्टरांना प्रश्न विचारेल, कोण स्वतःच्या इच्छेऐवजी आपली इच्छा सांगेल, हे पाहून नाव लिहायचे.

दुसरे, साक्षीदार. ते दोन लागतात आणि न्यायालयाच्या शब्दांत ते शक्यतो त्रयस्थ असावेत. साक्षीदाराला पुढे उपचारांबद्दल काहीही ठरवायचे नसते. त्याला एकच गोष्ट सांगायची असते : या माणसाने माझ्यासमोर सही केली, कोणाच्या दबावाखाली नाही, आमिषापोटी नाही, आणि काय लिहिले आहे व त्याचा परिणाम काय होईल हे समजून केली. तसे समाधान झाल्याची नोंद साक्षीदारांनी आणि नोटरीने कागदावर करायची असते.

आता दोन्ही मुलगे साक्षीदार का नकोत, ते बघा. उद्या कोणी म्हणाले की जमिनीच्या वाटणीसाठी मुलांनी बापाकडून लिहून घेतले, तर साक्ष द्यायला पुन्हा तीच मुले. निकालात मुलांना स्पष्ट मनाई नाही, ‘शक्यतो त्रयस्थ’ एवढेच म्हटले आहे. पण माझा सल्ला पक्का आहे. वारस नको, निर्णयाचा अधिकार ज्याला दिला तो नको, आणि उपचार करणारे डॉक्टर किंवा त्या रुग्णालयातले कर्मचारीही नकोत. शेजारी, जुना सहकारी, बँकेतले किंवा पोस्टातले ओळखीचे माणूस चालेल. आपल्याला ओळखणारे, पण आपल्या मरणाने ज्यांना काही मिळणार नाही असे. आणखी एक व्यवहाराची गोष्ट : साक्षीदार आपल्यापेक्षा वयाने लहान असावेत. गुरुजींना त्यांचा ८१ वर्षांचा मित्र हवा होता. मी म्हटले, ‘‘वेळ आल्यावर फोन उचलायला ते असतील का?’’ गुरुजी हसले. मग गावातला औषध दुकानदार आणि शाळेतला सध्याचा लिपिक, अशी दोन नावे ठरली. दोघेही त्यांचे विद्यार्थी.

तिसरा, साक्षांकन करणारा, म्हणजे नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. मी स्वतः राजपत्रित अधिकारी आहे, त्यामुळे गुरुजी म्हणाले, ‘‘मग तुम्हीच करा की.’’ मी नाही म्हटले. त्यांच्यावर उपचार करणाराही मी आणि साक्षांकन करणाराही मी, हे पुढे कोणाच्या तरी डोळ्यांत खुपले असते. साताऱ्यातल्या नोटरीकडे गुरुजी दोन्ही साक्षीदारांना घेऊन गेले. आधी स्वतः प्रत्येक कलम मोठ्याने वाचून दाखवले आणि मग सही केली. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या बाबतीतही असेच करावे. मजकूर मराठीत वाचून दाखवावा, त्यांनी तो आपल्या शब्दांत परत सांगावा आणि तशी नोंद साक्षीदारांनी लिहावी. स्टॅम्प पेपरची अट निकालात नाही. साध्या कागदावर केले तरी चालते. महत्त्वाचा असतो तो नोटरीच्या नोंदवहीतला अनुक्रमांक, तो आपल्या प्रतीवर उतरवून ठेवायचा.

तिसरी चूक : कागद कपाटात

पहिल्या कागदाची एकच प्रत होती आणि ती गुरुजींच्या कपाटात राहणार होती. नव्या कागदाच्या प्रती काढल्या. एक मुलीला, एक मोठ्या मुलाला, कारण नावे त्यांची होती. एक मला, उपचार करणारा डॉक्टर म्हणून. आणि एक ग्रामपंचायतीला. शहरात असाल तर ती नगरपरिषदेत किंवा महापालिकेत द्यायची. त्या संस्थेने आपला एक अधिकारी त्याचा अभिरक्षक म्हणून नेमायचा असतो, म्हणजे कागद जपणारा आणि विचारणा झाली की तो खरा आहे असे सांगणारा. मुंबईचे स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांनी उच्च न्यायालयात याचिका केल्यावर राज्यात असे अभिरक्षक नेमण्याला वेग आला.

गुरुजींच्या गावी ग्रामसेवकाने कागद उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, ‘‘असले काही आमच्याकडे येत नाही.’’ गुरुजींनी वाद घातला नाही. निकालातल्या त्या परिच्छेदाची प्रत जोडून अर्ज दिला, आवक क्रमांक आणि शिक्का असलेली पोहोच घेतली. तुमच्याकडेही असे झाले तर तोंडी नकारावर परत येऊ नका. पोहोच घ्या.

जुना स्टॅम्प पेपर गुरुजींनी माझ्यासमोर फाडला. एकाहून अधिक वैध कागद असतील तर शेवटी सही केलेला ग्राह्य धरतात, पण गोंधळाला जागा ठेवायची कशाला? मत बदलले तर इच्छापत्र केव्हाही लेखी रद्द करता किंवा बदलता येते, तशाच साक्षीदारांसह.

दिवाळीत धाकटा मुलगा पुण्याहून आल्यावर गुरुजींनी सगळ्यांना बसवून कागद वाचून दाखवला. धाकट्याला ते आवडले नाही. तो मधेच उठून गेला.

पहिली परीक्षा

फेब्रुवारी २०२४ मध्ये गुरुजी न्यूमोनिया घेऊन आमच्याकडे आले. मास्कने भागेना, ग्लानी येऊ लागली. मोठा मुलगा कागद हातात घेऊन उभा होता आणि त्याचा चेहरा पांढरा पडला होता. त्याला वाटले, आता नळी घालायची नाही.

मी त्याला पाचवे कलम दाखवले. न्यूमोनिया हा बरा होणारा आजार. गुरुजी अजून मान हलवून उत्तर देत होते. त्यांना विचारले, ‘‘गुरुजी, चार दिवस नळी घालू?’’ त्यांनी मान डोलावली. माणूस स्वतः सांगू शकतो तोवर कागद उघडायचाच नसतो, तो जे सांगेल तेच खरे. व्हेंटिलेटर लावला, तिसऱ्या दिवशी काढला, नवव्या दिवशी गुरुजी घरी गेले. अशा कागदाने डॉक्टर हात आखडता घेतील, असे ज्यांना वाटते त्यांना मी हा प्रसंग सांगतो.

दुसरी परीक्षा

सप्टेंबर २०२५ मध्ये, गणपती झाल्यावर गुरुजी सांगलीला मुलीकडे गेले होते. पहाटे न्हाणीघरात पडले. मुलीने त्यांना जवळच्या एका खासगी रुग्णालयात नेले, तोवर शुद्ध हरपली होती आणि श्वास अडखळत होता. तिथल्या डॉक्टरांनी लगेच नळी घातली. ते योग्यच होते. तातडीच्या वेळी कोणता आजार आहे हेच ठाऊक नसते, आणि इच्छापत्र आपोआप लागू होत नाही. म्हणूनच घरी अत्यवस्थ झालेल्या, आजाराच्या शेवटच्या टप्प्यातल्या माणसासाठी रुग्णवाहिका बोलावली तर ते लोक सीपीआर सुरू करणार, हे घरच्यांनी गृहीत धरावे. घरीच ठेवायचे असेल तर ते नेहमीच्या डॉक्टरांशी आधी बोलून ठरवावे लागते.

सीटी स्कॅनमध्ये मेंदूत मोठा रक्तस्राव दिसला. मेंदूच्या शल्यविशारदांनी सांगितले की शस्त्रक्रियेने गुरुजी परत मिळणार नाहीत. तिसऱ्या दिवशीही डोळे उघडले नाहीत. मुलीने मोबाइलमधला कागदाचा फोटो दाखवला. त्या रुग्णालयात असा कागद पहिल्यांदाच आला होता. तिथल्या डॉक्टरांनी मला फोन केला, मी माझ्याकडची प्रत पाठवली आणि पुढच्या पायऱ्या सांगितल्या.

आधी कागद खरा आहे का, हे तपासायचे. मोठा मुलगा पोहोच घेऊन ग्रामपंचायतीत गेला. आवक क्रमांक होता म्हणून दप्तरातून प्रत निघाली आणि तसे लेखी उत्तर रुग्णालयाला मिळाले. मग प्राथमिक मंडळ : उपचार करणारे डॉक्टर आणि त्या विषयातले किमान पाच वर्षे अनुभवाचे किमान दोन तज्ज्ञ. त्यांनी चौथ्या दिवशी मत दिले की सुधारणेची आशा नाही. न्यायालयाने यासाठी शक्यतो ४८ तासांची मर्यादा सांगितली आहे. नंतर दुय्यम मंडळ. त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नेमलेला एक डॉक्टर असतो, आपल्याकडे जिल्हा शल्यचिकित्सकांकडून. शिवाय पहिल्या मंडळात नसलेले किमान दोन तज्ज्ञ. रुग्ण सांगलीत होता, म्हणून नेमणूकही सांगली जिल्ह्यातून झाली. कागद कुठे केला याला तिथे महत्त्व नसते.

मधल्या काळात धाकटा मुलगा आला. अतिदक्षता विभागाच्या दाराशी तो बहिणीला म्हणाला, ‘‘अण्णांनी हे मनापासून लिहिले कशावरून? तुम्ही लोकांनीच डोक्यात भरवले असेल.’’ बहिणीने वाद घातला नाही. तिने कागदावरचा एक नंबर लावला आणि फोन त्याच्या हातात दिला. पलीकडे गावातला औषध दुकानदार होता. तो म्हणाला, ‘‘दादा, गुरुजींनी पाचही कलमे आम्हाला वाचून दाखवली. तिसऱ्यावर थांबले आणि म्हणाले, याचा अर्थ मला माहीत आहे, मी परिणाम वाचूनच पेपर लिहितो. नोटरीने दोनदा विचारले, कोणाची जबरदस्ती आहे का. ते म्हणाले, आहे, म्हातारपणाची. आम्ही सगळे हसलो.’’

धाकट्याने फोन परत दिला. तो हसला नाही, पण पुन्हा तो प्रश्न विचारला नाही. त्या फोनवर तो सख्खा भाऊ असता तर हा प्रश्न तिथे मिटला नसता.

दुय्यम मंडळाने सहाव्या दिवशी दुजोरा दिला. मुलीने लेखी संमती दिली. उपचार काढण्यापूर्वी रुग्णालयाने दोन्ही मंडळांचा निर्णय आणि संमती प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवली. इथे परवानगी मागायची नसते, कळवायचे असते. मंडळांनी नकार दिला असता तर कुटुंबाला उच्च न्यायालयात जाण्याची वाट होती. कागदच नसता तरी दोन मंडळांचा हाच मार्ग नातेवाइकांच्या संमतीने घेता आला असता. फक्त तेव्हा धाकट्याच्या प्रश्नाला कोणाकडेच उत्तर नसते.

सातव्या दिवशी दुपारी धाप लागू नये म्हणून आधी औषध दिले, मग नळी काढली. काकूंनी हात धरला होता. गुरुजी पुढे साडेपाच तास होते. श्वास हळूहळू विरळ होत गेला.

कार्यानंतर महिन्याभराने धाकटा मुलगा साताऱ्याला माझ्याकडे आला. मला वाटले, काही कागदपत्रे हवी असतील. त्याने पिशवीतून वहीचे पान काढले. त्यावर त्याने स्वतःसाठी चार कलमे लिहिली होती. साक्षीदारांची जागा कोरी होती.

‘‘पुण्यात माझ्या ओळखीचे पुष्कळ आहेत,’’ तो म्हणाला, ‘‘पण मी वाचून दाखवल्यावर नीट ऐकतील असे दोन आठवत नाहीत. आधी ते शोधतो.’’